पाळी जाताना होणारी धडधड

श्रोतेहो, नमस्कार. पाळी अनियमित होऊ लागलेली, सत्तेचाळिशीची एक स्त्री डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनला ती दचकून जागी होते, काहीतरी भयंकर घडणार असे तिला वाटते, छाती धडधडू लागते, आणि काही क्षणांत छातीपासून चेहऱ्यापर्यंत उष्णतेची लाट चढून दरदरून घाम फुटतो. चार-पाच मिनिटांत सारे ओसरते आणि थंडी वाजू लागते. भीती आधी आली, म्हणजे हा मनाचाच आजार, असे घरातले ठरवून टाकतात.

हा निष्कर्ष घाईचा आहे. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन या हार्मोनची पातळी खालीवर होऊ लागली की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते आणि शरीर किंचित तापले तरी ते उष्णता बाहेर टाकण्याची धडपड सुरू करते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो, नाडी जलद होते. लाट येण्याच्या काही क्षण आधीच अस्वस्थता किंवा धडधड जाणवणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्या बाबतीत ती भीती लाटेचाच भाग असते.

भीतीच्या झटक्यात मात्र श्वास अपुरा वाटतो, बोटांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असे वाटते. घाम आला तरी अंगावर अशी लाट चढेलच असे नाही. तरीही खरा फरक दोन झटक्यांच्या मधल्या काळात दिसतो. म्हणून दोन-तीन आठवडे वहीत वेळ, लक्षणांचा क्रम, पाळीची तारीख आणि एरवी मन कसे होते, हे लिहावे. आपल्या या स्त्रीच्या वहीत बहुतेक नोंदी रात्रीच्या, घामाच्या आहेत आणि दिवसा ती निर्धास्त आहे, तर कल हार्मोन्सकडे जातो. पुढच्या झटक्याच्या धास्तीने ती बसने जाणे टाळू लागली असेल, तर चिंतेवर स्वतंत्र उपचार हवेत. अर्थात, लाटांमुळे होणारी रोजची झोपमोड चिंताही ओढवून आणते, आणि मग दोन्ही एकत्र नांदतात.

कोणताही शिक्का मारण्यापूर्वी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कारण या वयात अतिरक्तस्रावाने रक्त कमी होऊनही धडधड होते. पाळी जात आहे का हे पाहण्यासाठी एफएसएच या हार्मोनची पातळी मोजतात, पण पंचेचाळिशीनंतर तिच्या एकाच तपासणीवर, ती पातळी सतत बदलत असल्याने, फारसे विसंबू नये. धडधडीसोबत छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा धाप लागली, तर वही बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

हार्मोन उपचार लाटांवर सर्वांत प्रभावी आहेत, परंतु स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. अशा वेळी चिंतेवरचीच काही औषधे, उदाहरणार्थ व्हेनलाफॅक्सिन, लाटाही कमी करतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत आणि बंद करतानाही हळूहळू कमी करावीत.