निलंबनाचा आदेश लिहिताना

(राज्य शासनाच्या कार्यालयांतील आस्थापना शाखेच्या कर्मचाऱ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज आपण एकच काल्पनिक प्रकरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील एका तालुका कार्यालयात शुल्क स्वीकारणाऱ्या लिपिकाने नागरिकांना दिलेल्या पावत्यांवरील रक्कम आणि पावती पुस्तकातील स्थळप्रतीवरील रक्कम जुळत नाही, असे तपासणीत आढळले आहे. विभागीय चौकशी योजिलेली आहे आणि महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ४ खाली निलंबनाचा आदेश काढायचा आहे.

पहिला प्रश्न कारणांचा. पुष्कळ आदेशांत ‘शासकीय रकमेचा अपहार केल्यामुळे निलंबित करण्यात येत आहे’ असे वाक्य सापडते. चौकशी व्हायच्या आधीच दोष सिद्ध झाल्यासारखे ते वाचले जाते, आणि पुढे न्यायाधिकरणात कर्मचाऱ्याचा वकील सर्वप्रथम त्याच वाक्यावर बोट ठेवतो. निलंबन ही शिक्षा नव्हे. म्हणून कोणत्या पावत्यांत तफावत प्रथमदर्शनी दिसली हे थोडक्यात लिहून, पावती पुस्तके व रोकड वही त्याच्या ताब्यात राहिल्यास पुराव्यात फेरफार होण्याची शक्यता आहे, हे स्वतंत्रपणे नोंदवावे. तफावत कितीही मोठी असली तरी निलंबनाचे खरे समर्थन या दुसऱ्या वाक्यात असते.

आता निर्वाह भत्ता. १९८१ च्या निलंबनकाळातील प्रदानांविषयीच्या नियमांतील नियम ६८ नुसार पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतकी रक्कम आणि तिच्यावरचा महागाई भत्ता मिळतो. आपल्या लिपिकाचे मूळ वेतन ४०,००० रुपये आहे आणि महागाई भत्त्याचा दर ५० टक्के आहे असे धरले, तर २०,००० अधिक १०,००० असे ३०,००० रुपये होतात; घरभाडे व अन्य पूरक भत्ते अटींनुसार वेगळे. निलंबन लांबण्याला तो स्वतः कारणीभूत नसेल, तर तीन महिन्यांनंतर २०,००० च्या जागी ३०,००० रुपयांपर्यंत वाढ करता येते आणि महागाई भत्ताही त्या प्रमाणात वाढतो. तोच कारणीभूत असेल, तर मूळ रक्कम निम्म्यापर्यंत कमी करता येते. वाढ असो वा कपात, तिचा निर्णय सकारण आदेशाने घ्यावा लागतो.

भत्ता देण्यासाठी मागायचे ते प्रमाणपत्र एकच: आपण अन्यत्र नोकरी वा व्यवसाय करीत नाही, असे. हजेरीपटावर रोज सही नाही म्हणून भत्ता अडवून ठेवण्याची पद्धत काही कार्यालयांत अजून दिसते. तिला या नियमाचा आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात, भत्त्याअभावी कर्मचारी दूरच्या ठिकाणी चौकशीला येऊ शकला नाही हे लक्षात घेऊन एकतर्फी चौकशीच दूषित ठरवली. भत्ता थकवणारी शाखा स्वतःच्याच खात्याची चौकशी धोक्यात आणत असते.

मुख्यालयाबाबत फार बोलायला नको. ते आदेशात नेमके लिहावे आणि पूर्वपरवानगीशिवाय ते सोडू नये अशी अट घालावी. परवानगी कोणाकडे मागायची, हेही त्यातच सांगावे. हडपसरला राहणाऱ्या माणसाला निव्वळ त्रास व्हावा म्हणून जुन्नर मुख्यालय देणे मला गैर वाटते. पुराव्यापासून दूर ठेवण्याची गरज असेल, तर ती गरज नोंदवावी.

सर्वांत ढिसाळ लिहिली जाते ती साक्षीदारांविषयीची अट. ‘कार्यालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याशी संपर्क साधू नये’ असे लिहिले, की भत्त्याचे प्रमाणपत्र स्वीकारणारा लिपिकही त्यात येतो आणि ज्या सहकाऱ्याला बचाव सहायक म्हणून घ्यायचे तोही. खरी भीती वेगळी असते. ज्या नागरिकांनी पैसे भरले, त्यांना फरकाची रक्कम परत देऊन ‘माझी तक्रार नाही’ असा जबाब लिहून घेतला जाईल, किंवा शेजारच्या टेबलावरील कनिष्ठाला गप्प केले जाईल, ही ती भीती. म्हणून मी असे लिहीन: ‘संबंधित पावतीधारक आणि रोखशाखेतील कर्मचारी यांच्याशी, त्यांची साक्ष पूर्ण होईपर्यंत, प्रस्तुत प्रकरणाविषयी प्रत्यक्ष, दूरध्वनीवर, व्हॉट्सॲपवर वा अन्य व्यक्तीमार्फत संपर्क साधू नये. बचावासाठी परवानगीने अभिलेख पाहण्यास व बचाव सहायकाची मदत घेण्यास या अटीने बाध येणार नाही.’ साक्षीदारांची यादी पुढे दोषारोपपत्रासोबत द्यावीच लागते. ती मिळाल्यावर अट त्या नावांपुरती आखून घ्यावी.

दोषारोपपत्राला उशीर करून मात्र चालत नाही. २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालानंतर राज्य शासनाने ९ जुलै २०१९ च्या निर्णयाने ९० दिवसांची मर्यादा स्वीकारली आहे. तेवढ्या मुदतीत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन मागे घेण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि मग आपला लिपिक कामावर परत येतो. त्याच निकालाने त्याला दुसऱ्या कार्यालयात पाठवण्याची आणि अभिलेख व साक्षीदारांपासून दूर ठेवण्याची मुभा दिली आहे. रोखशाखेचे टेबल त्याला पुन्हा द्यायचे नसेल, तर पदस्थापनेचा तो आदेश नव्वदाव्या दिवसाच्या आधी तयार असावा.