ढालीवर आदळलेला वार

ठाणे, घोडबंदर रोड. रात्रीचे साडेअकरा. खाली कंटेनरची रांग सरकतेय आणि वर, सातव्या मजल्यावर, माझ्या स्क्रीनवर मलेनिया उभी आहे.

एल्डन रिंग हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यातल्या या योद्धीचा नियम एकच: तिचा वार तुम्हाला लागला की तिचा जीव भरतो. ढालीवर अडवलात, तरी भरतो.

मी इथवर आलो होतो ते मोठी ढाल आणि भाला घेऊन. ढालीआडून टोचत राहायचं. बहुतेक बॉस याच पद्धतीने पडले. इथे मात्र तीन रात्री मी तिचा जीव अर्ध्यावर आणायचो आणि ती पाच वारांत तो परत वर न्यायची. ढाल एकदाही चुकली नव्हती, चुकीची होती ती ढालच. गेमने हे लपवलेलंही नाही. तिचा लाल पट्टा प्रत्येक धडकेला भरताना डोळ्यांसमोर दिसतो. अवघड आणि अन्यायकारक यांतला फरक मला त्या पट्ट्यात कळला.

मग गेममधल्या रेन्नाला राणीकडे गेलो. लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू दिली की ती आपल्या क्षमतांचे सगळे पॉइंट नव्याने वाटू देते. ढाल पेलण्यासाठी एन्ड्युरन्समध्ये घातलेले पॉइंट काढले आणि व्हिगर ४० वरून ६० वर नेला. त्याने जीव १४५० चा १९०० झाला. साठच्या पुढे हा फायदा फारच रोडावतो, म्हणून तिथेच थांबलो. भाल्याऐवजी उचिगाताना ही तलवार घेतली, कारण तिच्या वारांनी रक्तस्राव साचतो आणि मलेनियाला तो लागू पडतो. जड चिलखतही उतरवलं. अंगावरचं वजन पेलण्याच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांवर गेलं की वार चुकवायची लोळण मंदावते, आणि आता सगळी भिस्त लोळणीवरच होती.

तरीही तिचा तो नाच उरतोच. वॉटरफाउल डान्स. सुमारे पाऊण जीव उरेपर्यंत ती तो काढत नाही. मग हवेत उडते, तलवार मागे घेऊन क्षणभर तरंगते. तो क्षण म्हणजेच इशारा. पहिल्या झडपेला पाठ फिरवून पळायचं. दुसरीला मात्र तिच्याच दिशेने, तिच्या खालून लोळायचं. पळत राहिलात तर तीच झडप गाठते. अगदी अंगाला भिडून तिने सुरुवात केली, तर पळायला जागाच उरत नाही. म्हणून तिचा जीव पाऊण झाला की मी दोन वार करून मागे सरकू लागलो. तिसऱ्या वाराचा मोह झाला की मेलोच.

चौथ्या रात्री पहिला टप्पा पडला. जीव भरून देणारे फ्लास्क चार शिल्लक होते. ती पंख पसरून पुन्हा उठली, आकाशातून लाल फूल होऊन कोसळली, आणि मी पळायच्या ऐवजी वार करायला पुढे गेलो.