तर्री, कॅश काउंटर आणि पोटातली मज्जासंस्था

[दृश्य : नागपूर, सकाळ. रस्त्याकडेची पोह्यांची गाडी. पोह्यांवर चण्याची लाल तर्री पडते, वर तेलाचा तवंग.]

निवेदन :

नागपुरात पोट बिघडलं की पहिला आरोप तर्रीवर येतो, दुसरा सावजीवर. या दोघींना शिक्षा देऊन बरेच जण महिनोन्‌महिने वरण-भातावर राहतात, आणि तरीही सकाळी संडासच्या चकरा थांबत नाहीत. महाल भागातल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या बाईंचं हेच झालं होतं. वय ३१. नाव सांगणार नाही. पतसंस्थेत सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मॅडमचा दिवस सहाला सुरू होतो. साडेनऊला मानेवाड्याहून स्कूटी काढायची असते. त्याआधी तीनदा, कधी चारदा संडासला जावं लागतं. पहिल्यांदा बरं असतं, पुढे पुढे पातळ होत जातं. बेंबीखाली मुरडा येतो, जाऊन आलं की हलकं वाटतं, आणि चप्पल घालताना पुन्हा घाई. मार्च महिन्यात तर रस्त्यात कुठे पेट्रोल पंप आहे आणि कुठल्या पंपावर संडास उघडा असतो, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं.

[दृश्य : तपासण्यांची फाइल. कागद उलटणारे हात.]

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, गव्हाच्या ॲलर्जीसारख्या सीलिएक आजाराची चाचणी निगेटिव्ह. शौचाच्या तपासणीत जंत नाहीत, जिआर्डिया नाही, आतड्याला सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं नाही. सोनोग्राफीही स्वच्छ. मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे म्हणता, तर मग हे काय होऊन राहिलं? मी काय नाटक करते काय?"

नाटक नाही. बिघाड आहे, पण तो आतड्याच्या रचनेत नसून त्याच्या चालीत आहे. आणि चाल ना रक्तात दिसते, ना सोनोग्राफीत.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या भिंतीचा छेद. स्नायूंचे दोन थर, मधे चेतापेशींचे पुंजके.]

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल फिरणारा आणि बाहेरचा लांबीच्या दिशेचा. या दोन थरांच्या मधोमध चेतापेशींची जाळी पसरलेली आहे. जर्मन शास्त्रज्ञ आउअरबाख यांनी ती एकोणिसाव्या शतकात दाखवली. आतल्या अस्तराखाली आणखी एक जाळं आहे, माइसनर यांच्या नावाचं. दोन्ही मिळून दहा कोटींहून जास्त चेतापेशी होतात. एकट्या पोटासाठी ही संख्या थोडी नाही.

१८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे येणाऱ्या बाहेरच्या सगळ्या नसा कापल्या आणि आतड्यात एक गोळा सरकवला. आतडं थांबलं नाही. गोळ्याच्या मागचा भाग आवळला, पुढचा सैल झाला, आणि गोळा पुढे गेला. मेंदूचा आदेश येण्याची सोयच उरली नव्हती, तरी काम झालं.

हे कसं होतं? अन्न अस्तराला घासतं, ताण देतं. अस्तरात मधूनमधून विखुरलेल्या खास पेशी त्यावर सेरोटोनिन सोडतात. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नाही, इथेच असतं. जवळच्या संवेदी चेतापेशी ते ओळखतात आणि दोन दिशांना खबर देतात. मागच्या बाजूला ॲसिटिलकोलीन सुटून स्नायू आवळतो, पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड सुटून स्नायू सैलावतो.

मग मेंदू काय करतो? अजनीचा स्टेशनमास्तर आपल्या हद्दीतल्या गाड्या स्वतः सोडतो, पण कंट्रोलचा फोन आला की वेळापत्रक बदलतं. तसंच काहीसं. आणि हा फोन बराचसा उलट्या बाजूने चालतो. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेतले ८० टक्क्यांहून जास्त तंतू खालची खबर वर नेतात, वरचे हुकूम खाली आणणारे थोडेच.

[दृश्य : मॅडम ओट्याशी चहा गाळताना. भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर.]

आता मॅडमचा खरा प्रश्न. सकाळीच का?

रात्री मोठं आतडं जवळजवळ झोपलेलं असतं. जाग आल्यावर आणि खाल्ल्यावर त्यात मोठ्या, जोरदार लाटा उठतात. निरोगी माणसात अशा लाटा दिवसाला मोजक्याच असतात, आणि आपल्याला सकाळी शौचाला लागतं ते त्यांच्यामुळे. जठरात अन्न पडल्यावर काही मिनिटांतच मोठं आतडं जागं होतं. म्हणजे चहा-पोहे पोटात गेल्यावर जे बाहेर पडतं ते त्या पोह्यांचं नसतंच, ते कालचं किंवा परवाचं असतं. "खाल्लं की लगेच बाहेर" ही तक्रार नागपुरातल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येईल. तिच्यात वेळ बरोबर असते, आरोपी चुकीचा असतो.

या नैसर्गिक लाटेवर तणाव येऊन बसतो. काउंटरवर रोज रोकड जुळवायची, शंभराचीही तूट आली तर स्वतःच्या खिशातून भरायची. हा विचार अंथरुणातच सुरू होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ नावाचं रसायन सुटतं. ते कॉर्टिसोल वाढवतं, ते वेगळं. पण मेंदूतच ते मेंदूच्या देठाला दोन निराळे हुकूम द्यायला लावतं. एक व्हेगसमार्गे जठराला : थांब, रिकामं होऊ नकोस. दुसरा कमरेखालच्या मज्जारज्जूतून मोठ्या आतड्याला : चल, लवकर मोकळं हो. म्हणून परीक्षेच्या दिवशी एकाच माणसाला वरून भूक नसते, मळमळतं, आणि खालून घाई असते. मॅडमही सकाळी अर्धी पोळी खातात, उरलेली ताटात राहते.

[दृश्य : जुन्या काळच्या धातूच्या सिग्मॉइडोस्कोपचं छायाचित्र.]

हे डोळ्यांनी पाहिलं गेलंय. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डॉ. थॉमस आल्मी यांनी वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या गुदाशयात दुर्बीण घातली आणि त्याच्या कानावर पडेल असं बोलले की इथे कर्करोग दिसतोय. दुर्बिणीतून दिसणारी आतड्याची भिंत लाल झाली, आवळली. खोटं होतं हे सांगितल्यावर ती सैल पडली. असा प्रयोग आज कुठलीच नैतिकता समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण त्या विद्यार्थ्याच्या आतड्यात जे झालं, त्याला कल्पना म्हणता येत नाही.

तरी एक अडचण उरते. तणाव काउंटरवरच्या चौघांनाही आहे, मग पोट मॅडमचंच का? मॅडमची गोष्ट दोन पावसाळ्यांपूर्वी सुरू झाली होती, एका लग्नाच्या जेवणानंतर. आठवडाभर जुलाब, ताप, सलाइन. जंतूंच्या अशा संसर्गानंतर साधारण दहापैकी एका माणसाला ही चालीची तक्रार जडते. अस्तराची सूज जाते, पण तिथल्या चेतापेशी हळव्या राहतात. अशा रुग्णाच्या गुदाशयात छोटा फुगा फुगवून पाहिलं, तर इतरांना नुसतं भरल्यासारखं वाटतं तेवढ्यातच अनेकांना दुखतं. त्यामुळे लाट तीच असली तरी ती जास्त बोचते, त्या बोचण्याची खबर वर जाते, आणि वरून पुन्हा घाईचा हुकूम येतो.

[दृश्य : वही. निळ्या शाईतले आडवे-उभे रकाने.]

डॉक्टरांनी औषधाआधी वही लिहायला लावली, तीन आठवडे. वेळ, शौचाचा प्रकार, दुखणं, काय खाल्लं, आणि त्या दिवशी पुढे काय आहे. प्रकारासाठी ब्रिस्टॉलचा तक्ता वापरला : एक म्हणजे लेंड्यांसारखं कोरडं, चार म्हणजे मऊ सरळ, सात म्हणजे निव्वळ पाणी.

पहिल्या दोन रविवारी मॅडमनी नवऱ्याबरोबर बाहेर तर्री पोहे खाल्ले. एकदाच जाणं, प्रकार चार. सोमवारी घरात चहा आणि खारी, तरी तीनदा, प्रकार सहा. मधे एका गुरुवारी सुटी होती, तो दिवस शांत. तिसऱ्या रविवारी मात्र नणंदेच्या साखरपुड्याला एसटीने अमरावतीला जायचं होतं. तर्री नव्हती, काउंटरही नव्हता. चारदा. कारण एसटीत संडास नसतो, आणि ही चिंता शनिवारी रात्रीच सुरू झाली होती.

वही वाचून सासूबाई म्हणाल्या, "मग त्या बिचाऱ्या तर्रीचं काय चुकलं?" पूर्ण निर्दोष तर्रीही नाही. तेलामुळे सकाळची लाट जोरात येते, आणि तिखटामुळे हळव्या चेतापेशींना आग जाणवते. पण एकट्या तर्रीने हे घडवलं नव्हतं.

वही पाहून डॉक्टरांनी या चालीच्या तक्रारीला नाव दिलं, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजे आयबीएस, जुलाबाचा प्रकार. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, शौचाशी तिचा संबंध, आणि शौचाच्या वेळा व स्वरूपात बदल, हे सगळं जुळत होतं.

[दृश्य : संध्याकाळ, अंबाझरी तलावाचा काठ. मॅडम बाकावर, एक हात पोटावर.]

उपचारात चमत्कार नव्हता. अडचणीच्या दिवसांसाठी लोपेरामाइड, जे आउअरबाखच्या जाळ्यातच जाऊन लाटा मंदावतं, पण दुखण्यावर फारसं चालत नाही. रात्री झोपताना ॲमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी. नैराश्यावर ही गोळी याच्या कितीतरी पट देतात. इथे ती आतड्याची चाल थोडी धिमी करते आणि दुखण्याची खबर वर कमी जाऊ देते. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कमी मात्रेचा फायदा दिसला. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड वाटतं, आणि काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं. शिवाय उठल्यावर दहा मिनिटं पोटाने संथ श्वास, मिनिटाला सहाएक.

थेट सीआरएफची वाट अडवणारी औषधंही तयार झाली होती. प्राण्यांत ती छान चालली. पेक्सासरफॉन्ट नावाचं असंच औषध जुलाबाच्या आयबीएसच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा आतड्याच्या वेगात फरक पडला नाही. बहुधा माणसाच्या आतड्याकडे जाणारी वाट एकच नाही.

मॅडमच्या चकरा आता बहुतेक दिवशी एक किंवा दोन. मार्चअखेरीला पुन्हा तीन झाल्या. वही सुरू आहे, पण शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लाल पेनाने चार ओळी लिहून दिल्यात : रात्री झोपेतून उठून जावं लागलं, शौचात रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं, किंवा संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, तर हे निदान बाजूला ठेवून लगेच या. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच पोटदुखी-जुलाबाने सुरू होतो, आणि त्याचं औषध वेगळं असतं.