ॲसिडिटीची गोळी आणि रक्तातलं मॅग्नेशियम

समजा, पासष्टीच्या एक बाई पाच वर्षं रोज सकाळी ४० मिलीग्रॅम पँटोप्राझोल घेताहेत. पोटऱ्यांत गोळे येतात, ओठांभोवती मुंग्या येतात. तपासणीत कॅल्शियम ७.२, पोटॅशियम २.९, म्हणजे दोन्ही कमी. दोन्हीच्या गोळ्या देऊनही आकडे हलत नाहीत. आता मॅग्नेशियम पाहिलं, तर ०.९ निघतं, हवं साधारण १.७ ते २.२. मॅग्नेशियम घटलं की पॅराथायरॉइडचं संप्रेरक नीट स्रवत नाही, म्हणून कॅल्शियम उतरतं, आणि मूत्रपिंडातून पोटॅशियम गळत राहतं. मुळाकडे न पाहता फांद्यांना पाणी घालणं चाललेलं असतं.

पण ते जातंय कुठून? लघवीला विचारायचं. मूत्रपिंड रोज बरंच मॅग्नेशियम गाळतं आणि जवळपास सगळं परत घेतं. यातलं निम्म्याहून जास्त काम हेन्लेच्या वळणाच्या जाड भागात होतं. शरीरात तुटवडा असेल तर निरोगी मूत्रपिंड हात आखडता घेतं. म्हणून रक्त आणि लघवी एकाच वेळी घेऊन दोन्हींत मॅग्नेशियम व क्रिएटिनिन मोजावं. लघवीतलं मॅग्नेशियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन. त्याला रक्तातलं मॅग्नेशियम, लघवीतलं क्रिएटिनिन आणि ०.७ यांच्या गुणाकाराने भागायचं, मग शंभरने गुणायचं. या बाईंचे आकडे याच क्रमाने ०.६, ०.९, ०.९ आणि ८०. उत्तर सुमारे १ टक्का. तुटवडा असताना २ च्या खाली म्हणजे मूत्रपिंड निर्दोष, आतड्यात शोषण कमी, आणि इथे संशय पँटोप्राझोलवर. ४ च्या वर आलं असतं, तर लघवी वाढवणाऱ्या गोळीकडे बोट गेलं असतं. अर्थात दोन्ही औषधं एकत्र चालू असलेले रुग्णही पुष्कळ.

मुंग्या येताहेत आणि आकडा १.२ च्या खाली आहे, तेव्हा शिरेतून द्यावंच. झटके किंवा हृदयाची लय बिघडली असेल तर मॅग्नेशियम सल्फेट १ ते २ ग्रॅम पातळ करून दहा-पंधरा मिनिटांत. एरवी ४ ते ८ ग्रॅम बारा ते चोवीस तासांत, सावकाश. घाई केली की रक्तातली पातळी एकदम चढते, मूत्रपिंडाला ते जास्तीचं वाटतं आणि दिलेल्यातलं निम्मं लघवीवाटे निघून जातं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबू नये. पेशींतला साठा भरायला आणखी दोनेक दिवस लागतात. क्रिएटिनिन चढलेलं असेल तर मात्र डोस निम्मा किंवा त्याहून कमी, आणि गुडघ्याची प्रतिक्रिया वारंवार तपासायची. ती मंदावली की सलाइन बंद.

लक्षणं नसतील आणि आकडा १.४-१.५ असेल तर तोंडावाटे भागतं. ४०० मिलीग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण २४० मिलीग्रॅम. एकदम जास्त दिलं तर जुलाब, आणि जुलाबांतून तेच पुन्हा बाहेर. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये इशारा दिला, तेव्हा नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथाई जणांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नव्हतं, पँटोप्राझोलच्या जातीचं औषध थांबवावं लागलं होतं. या बाईंनाही फॅमोटिडिनवर न्यावं आणि दोन आठवड्यांनी पातळी पाहावी. सुरुवातीला जळजळ उलटून वाढेल, हे आधीच सांगून ठेवावं. नाहीतर त्या दुकानातून तीच गोळी परत आणतील.