रेल्वे टॅव्हर्नचं बुटकं छत

रॉक संगीतात स्टेजवर गिटार फोडण्याची ही सगळी परंपरा एका बुटक्या छतापासून सुरू झाली, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण हकीकत साधारण तशीच आहे. १९६४ साली लंडनच्या हॅरो भागात रेल्वे टॅव्हर्न नावाच्या पबमध्ये 'द हू' हा बँड वाजवायचा. स्टेज उंच, छत खाली. बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड, त्याला गिटार डोक्यावर उंचावून हलवायची सवय होती. एका रात्री त्याच्या रिकेनबॅकर गिटारचा माथा छतात घुसला आणि तुटला. समोरचे काहीजण फिस्सकन हसले. झालं! फजिती झाकायची तर ती मुद्दाम केल्यासारखं दाखवायचं, हा शाळकरी डाव त्याने खेळला. उरलेली गिटार आपटून तिचे तुकडे केले, बाजूची बारा तारांची गिटार उचलली आणि काहीच घडलं नाही अशा थाटात कार्यक्रम पुढे नेला. गिटारी हप्त्यावर घेतलेल्या होत्या, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडे तंबोऱ्याला चुकून पाय लागला तरी हात जोडतात. त्यामुळे मला पहिल्यांदा ही गोष्ट ऐकताना पोटात गोळा आला होता, हे कबूल करतो. पण खरी गंमत पुढे आहे. पुढच्या वेळी लोक गिटार फुटणार म्हणून आले. टाउनशेंड काही फोडेना. मग ड्रमवाला कीथ मून उठला आणि त्याने ड्रमचा सेट लाथाडून दिला. अपघात एकदाच होतो. तो दर आठवड्याला हवा असेल तर त्याची तयारी करावी लागते.

ही तयारी कशी असते, ते जरा जवळून बघू. रिकेनबॅकर आतून अर्धी पोकळ, नाजूक. एका आपटीत कामातून जाते आणि दुरुस्तीलाही हट्टी. गिब्सन कंपनीच्या गिटारची मान महोगनीची आणि माथा मागे कललेला असतो, त्यामुळे नेमकी तिथेच, सांध्यापाशी चीर पडते. फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं तसं नाही. अंग भरीव लाकडाचं, मान मेपलची आणि ती अंगाला चार स्क्रूंनी बसवलेली. पाच-सहा दणके खाऊनही ती तुटत नाही. मान निखळली तर दुसरी चढवता येते. टाउनशेंड पुढे फेंडरकडे वळला, आणि फुटलेले तुकडे सरस लावून, शिकंज्यात आवळून पुढच्या फोडणीसाठी पुन्हा उभे केले जायचे. शिवाय गिटार अँप्लिफायरला जोडलेलीच असते. ती स्पीकरच्या पेटीत खुपसली की तारा आणि स्पीकर एकमेकांना ऐकवत राहतात आणि जी किंकाळी निघते, ती त्या गाण्याचाच शेवट असतो. नुसतं लाकूड मोडलं असतं तर लोक तासाभरात विसरले असते.

टाउनशेंड ईलिंगच्या कलाशाळेत शिकलेला. तिथे कलावंत गुस्ताव मेट्झगर स्वतःलाच नष्ट करणाऱ्या कलेवर बोलायचे. टाउनशेंडने नंतर त्यांचं नाव घेतलं. मला विचाराल तर आधी फजिती, मग तत्त्वज्ञान.

मग चढाओढ आली. जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरेचा महोत्सव. 'द हू' आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, दोघांनाही दुसऱ्याच्या मागून जायचं नव्हतं. फोडून झालेल्या स्टेजवर पुन्हा काय फोडणार? नाणं उडवलं, 'द हू' आधी गेले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे मोडतोड केली. मग हेंड्रिक्सने गिटारवर लायटरचं तेल ओतलं आणि काडी लावली. अचानक सुचलेलं वाटतं, पण लंडनच्या अॅस्टोरिया थिएटरात त्याने मार्चमध्येच हा प्रयोग केला होता आणि हात भाजून घेतले होते.

स्टेजवरून गर्दीत उडी मारणं याच घराण्यातलं, पण तिथे पणाला लागतं ते स्वतःचं शरीर. १९७० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीला रॉक गायक इगी पॉप लोकांच्या हातांवर उभा राहिला आणि छातीला शेंगदाण्याचं लोणी फासत बसला. गर्दी दाट हवी, हात वर हवेत, अंग आडवं पडायला हवं. खालचे बाजूला झाले की जमीन. गिटारवाल्याला ही भीती नसते.

निदान 'द हू'ला सप्टेंबर १९६७ पर्यंत नव्हती. स्मदर्स बंधूंच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात मूनने मोठ्या ड्रममध्ये ठरल्यापेक्षा जास्त स्फोटक दारू भरवून घेतली. गाणं संपताना ती उडाली. टाउनशेंड नेमका ड्रमपुढे होता, त्याचे केस होरपळले. मूनच्या दंडात झांजेचा तुकडा घुसला. धूर विरतो न विरतो तोच यजमान टॉमी स्मदर्स साधी गिटार गळ्यात अडकवून आत आला. केस विस्कटलेल्या टाउनशेंडने त्याच्याकडे पाहिलं, ती गिटार त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि जमिनीवर आपटली.