एक रबर, दोन रबर

(दृश्य : खिडकीतली फळी, तीन बाटल्या)

या तीन बाटल्या जवळून बघा. तिन्ही पांढऱ्या, बोटभर उंच, आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. साताऱ्याच्या या घरातल्या आजींना काचबिंदू आहे, मधुमेहही आहे. बाजूचं दिसत नाही. समोरचं दिसतं, पण धुरकट. दोन बाटल्या काचबिंदूच्या. तिसरी स्टेरॉइडची, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेली, थोड्या आठवड्यांपुरती.

(दृश्य : सूनबाई बाटलीला रबर चढवताना)

सूनबाईंनी ठरवलेला हिशेब सोपा आहे. जितके वेळा औषध, तितके रबर. टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ, म्हणून दोन. दुसरी बाटली फक्त रात्री झोपताना, म्हणून एक. दोन रबर एकमेकांना चिकटून बसले तर बोटाला एकच जाड रबर लागतो, म्हणून मध्ये बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडली आहे. आणि रबर बाटलीच्या अंगावर आहेत, टोपणावर नाहीत. टोपणं धुतली, पुसली, ओट्यावर ठेवली की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

स्टेरॉइडला मात्र रबर नाही. त्याचे थेंब दर आठवड्याला कमी होत जातात. मग रबर तरी किती वेळा बदलायचे? तिच्याभोवती पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळली आहे. खरखरीत लागलं की आजी थांबतात आणि विचारतात. ही बाटली चुकून जास्त दिवस चालू राहिली तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूत तोच तर उतरवायचा असतो.

(दृश्य : रंगीत झाकणांच्या डब्या, आजींचा हात)

आता गोळ्या. इथे रंग वापरले, पण दुकानात जाऊन छान दिसतील ते उचलले नाहीत. आधी सगळी झाकणं खिडकीच्या उजेडात आजींसमोर मांडली. गडद निळं आणि काळं त्यांना एकच. फिकट पिवळं आणि पांढरंही एकच. उरलं भडक केशरी आणि पांढरं. म्हणून केशरी झाकणाखाली सकाळची साखरेची गोळी, पांढऱ्याखाली रात्रीची रक्तदाबाची. डब्या आधी स्टीलच्या ताटात होत्या. त्या चकाकीत झाकणांच्या कडाच हरवायच्या. आता खाली गडद हिरवं कापड आहे.

रंगावर एकट्यावर भरवसा ठेवू नये, हे सरकारलाही पटलेलं दिसतं : खाद्यपदार्थांच्या पाकिटावर मांसाहाराची खूण आता तपकिरी ठिपका नाही, त्रिकोण आहे. अमेरिकेत नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं डोळ्यांच्या औषधांच्या टोपणांना गटवार रंग सुचवले आहेत; टिमोलॉलच्या गटाला पिवळा, स्टेरॉइडला गुलाबी. आपल्या घरात येणारी प्रत्येक बाटली तसं पाळेलच असं नाही. आणि गोळ्यांच्या पट्टीवरची ती लाल रेघ? गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही एवढंच ती सांगते. आजींच्या दोन्ही पट्ट्यांवर ती आहेच.

(दृश्य : आउटलायनरची ट्यूब, झाकणावर ठिपका)

म्हणून झाकणावर बोटाला कळणारी खूणही हवी. मधुमेहामुळे आजींच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, ब्रेलसारखे बारीक ठिपके त्यांना लागतच नाहीत. नखपॉलिशचा थर तर मुळीच नाही. शेवटी कापडावर रंगवायचा थ्रीडी आउटलायनर चालला. केशरी झाकणावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक उंचवटा, पांढऱ्यावर आडवी जाड रेघ. दोन ठिपके आणि तीन ठिपके असा फरक ठेवला नाही. मोजण्यात चूक होते, ठिपका आणि रेघ यांत होत नाही. रात्रभर सपाट ठेवून सुकवावं लागतं, नाहीतर ओला ठिपका बोटाखाली पसरतो.

खूण डबीवर आहे, पट्टीवर नाही. दुकानदार कधी दुसऱ्या कंपनीची तीच गोळी देतो, पट्टीचा रंग बदलतो, डबी तीच राहते. पट्टी अख्खी आत जाते, कापून नाही, म्हणजे नाव आणि मुदत वाचता येते.

(दृश्य : नवी बाटली उघडताना)

बाटली संपते तेव्हा सर्वांत जास्त धोका असतो. रबर जुन्या बाटलीवरून नव्या बाटलीवर जातो तो सूनबाईंनी नाव मोठ्यानं वाचल्यावरच.

‘‘आई, टिमोलॉल. किती रबर?’’

‘‘दोन.’’

मग जाड काळ्या पेननं उघडल्याची तारीख लिहिली जाते, मुदतीचा छापील आकडा न झाकता. साधारण चार आठवड्यांनी बाटली उरली तरी टाकायची. उकाड्यात रबर सैल पडतो, घसरतो. म्हणून तारीख लिहिताना तो ताणून बघायचा आणि लेचापेचा असेल तर त्याच वेळी बदलायचा.

झटपट चिकटवायच्या गोंदाची ट्यूब या फळीवर ठेवत नाहीत. ती डोळ्याच्या औषधासारखीच दिसते, आणि डोळ्यात ती गेल्याच्या घटना घडल्या आहेत. ती आता हत्यारांच्या डब्यात असते.