ऑर्डर खंयसून इली?

[दृश्य: अंगणात पसरलेली लाल मिरची. काठीने मिरची उलटणारे हात.]

मे महिन्याचा दुसरा आठवडा, कुडाळजवळचं एक गाव. मिरगाचा पाऊस यायच्या आत वर्षभराचा मसाला डब्यात गेला पाहिजे. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. धने, दगडफूल, बडीशेप, नागकेशर घरातच लोखंडी कढईत मंद भाजायचं. मग सगळं कांडप गिरणीत.

[दृश्य: कांडपाचे लोखंडी दांडे वरखाली. आवाज पूर्ण ठेवावा, निवेदन थांबावे.]

या ताई गेली चार वर्षं मालवणी मसाला, कुळथाचं पीठ आणि कोकम आगळ ऑनलाइन विकतात. नाव छापायला त्यांची ना नाही, पण फोन नंबर फिरायला लागतो म्हणून आम्हीच ते झाकलं आहे. वर्डप्रेसवर वूकॉमर्सचं साधं दुकान आहे, ते भाच्याने उभं करून दिलं. दुकानाची लिंक मात्र सगळीकडे एकच. इन्स्टाग्रामच्या बायोत तीच, फेसबुकवरच्या मालवणी मंडळींच्या ग्रुपमध्ये तीच आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसलाही तीच.

[दृश्य: फोनवर रील. मिरचीचा ढीग, खाली लाईकचा आकडा.]

या रीलला त्यांच्या आजवरच्या सगळ्या रील्सपेक्षा जास्त लाईक मिळाले. सहा हजार रुपये टाकून ते बूस्ट करायचं ठरत आलं होतं. त्या दिवशी मसाल्याची चाळण बाजूला ठेवून ताई भाच्याला म्हणाल्या, "लाईक इले रे, पैशे खंय इले?"

आमची फिल्म या प्रश्नापासून सुरू होते.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. ऑर्डरींची यादी, `Origin` हा रकाना.]

वूकॉमर्सच्या ८.५ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, प्रत्येक ऑर्डरसमोर ती कुठून आली ते दिसतं. ताईंच्या दुकानात हा रकाना तेव्हापासून होता, कोणी बघितला नव्हता एवढंच. फेब्रुवारीच्या ४० ऑर्डरींपैकी २६ समोर एकच शब्द होता: `Direct`. म्हणजे गिऱ्हाईक थेट आलं. पण दुकानाचा इतका लांबलचक पत्ता २६ माणसं पाठ करून टाइप करतात, हे काही पटण्यासारखं नाही.

गोम अशी आहे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधून कोणी लिंक दाबली, तर ब्राउझर सहसा दुकानाला आपण कुठून आलो ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेला माणूस बहुतेक वेळा काहीच न सांगता आत येतो, आणि दुकान त्याला `Direct` मध्ये टाकतं. यादीत इन्स्टाग्राम स्वतःच्या नावाने झळकत होतं आणि व्हॉट्सअ‍ॅप गायब होतं. जो नाव सांगतो तो मोठा दिसतो. सहा हजारांचा निर्णय या दिसण्यावर चालला होता.

[दृश्य: भाचा टाइप करतो आहे. पडदा जवळून.]

यावरचा उपाय फुकट आहे आणि जुना आहे. लिंकच्या शेपटाला चिठ्ठी बांधायची.

```
https://example.com/masala/?utm_source=whatsapp&utm_medium=status&utm_campaign=unhala
```

दुकानाचं खरं नाव इथे बदललं आहे. प्रश्नचिन्हापर्यंतचा भाग म्हणजे पत्ता, त्यापुढची चिठ्ठी. चिठ्ठीमुळे पान बदलत नाही, गिऱ्हाइकाला तोच मसाला त्याच भावात दिसतो. दुकानाच्या वहीत मात्र तीन गोष्टी उतरतात: कुठल्या जागेवरून आला, त्या जागेतल्या कुठल्या कोपऱ्यातून, आणि कुठल्या मोहिमेत. यातला `utm` हा शब्द अर्चिन नावाच्या कंपनीचा वारसा आहे. गुगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी गुगल अ‍ॅनालिटिक्स सुरू केलं. अर्चिन म्हणजे काय हे कुडाळात कोणाला ठाऊक असायची गरज नाही, पण कांडपासमोर बसून हे ऐकताना आम्हाला मौज वाटली.

चिठ्ठ्या पाच झाल्या. इन्स्टाग्रामच्या बायोला एक आणि स्टोरीला दुसरी. रीलखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे रील पाहून येणारा बायोतूनच येतो. तिसरी फेसबुक ग्रुपला, चौथी व्हॉट्सअ‍ॅपला. पाचवी पार्सलमध्ये टाकायच्या कार्डावर, क्यूआर कोडच्या रूपात.

[दृश्य: कार्ड कापणारी कात्री. पाकिटात कार्ड सरकवणारी बोटं.]

पहिल्याच आठवड्यात दोन घोळ झाले. गुगलच्या अहवालात इन्स्टाग्राम दोन ओळींत आलं. एकीकडे `Instagram`, दुसरीकडे `instagram`. भाच्याने स्टोरीची लिंक मोबाइलवर लिहिली होती आणि कीबोर्डने पहिलं अक्षर आपणहून मोठं केलं होतं. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी गावं. एकच नाव दोन ओळींत दिसलं की समजायचं, चिठ्ठी लिहिताना हात चुकला. त्या दिवसापासून कपाटाच्या दारावर एक कागद चिकटला आहे. त्यावर लिहिलेलीच नावं वापरायची, सगळी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

[दृश्य: कपाटावरचा कागद. निळ्या शाईतली नावं.]

दुसरा घोळ माणसांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढी लांब लिंक गेल्यावर ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, तुमचा नंबर हॅक झालाय काय?" फुकट मिळणाऱ्या आखूड लिंकवर तर लोकांचा आणखी कमी विश्वास. मग भाच्याने दुकानाच्याच पत्त्यावर छोटी वाट काढली. `example.com/w` दाबलं की मागून चिठ्ठीसकट पूर्ण पत्ता उघडतो. बाहेरून दुकानाचं ओळखीचं नाव दिसतं आणि फोन येत नाहीत.

[दृश्य: ताई वहीत लिहीत आहेत. भिंतीवरचं घड्याळ.]

१ मार्च ते १५ एप्रिल एवढ्या दिवसांत चिठ्ठ्यांनी जमवलेला हिशेब आता बघू. इन्स्टाग्रामवरून ४१२ भेटी झाल्या आणि १९ ऑर्डरी आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून भेटी अवघ्या ९६, पण ऑर्डरी ३१. फेसबुक ग्रुपने १२ दिल्या आणि पार्सलमधल्या कार्डाने ९. `Direct` मध्ये १४ उरल्या.

भाचा इथेच थांबणार होता. ताई थांबल्या नाहीत, कारण पार्सलं त्यांच्या ओटीवर परत येतात, लॅपटॉपवर नाही.

[दृश्य: ओटीवर रचलेली, चुरगळलेली, परत आलेली पार्सलं. एकावर शिक्का. चार सेकंद शांतता.]

पैसे घरी आल्यावर देतो, अशा ऑर्डरींची ही गत. दार उघडत नाही, फोन उचलला जात नाही, किंवा "मी मागवलंच नव्हतं." कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात. गाड्यांच्या आरटीओशी त्याचं नातं नाही, मनस्ताप तेवढा सारखा. जाण्याचं आणि येण्याचं मिळून ताईंना एका पार्सलमागे १४० रुपये पडतात. पार्सल परतायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून १५ एप्रिलपर्यंतच्या ऑर्डरी त्यांनी ६ मे रोजी पुन्हा मोजल्या. प्रत्येक ऑर्डरपुढे एकच खूण केली: पैसे हातात पडले की नाही.

इन्स्टाग्रामच्या १९ पैकी ८ परत आल्या. उरल्या ११. आठांचं भाडं ११२० रुपये, मसाल्याची पुडीही फुटलेली. फेसबुकच्या १२ पैकी २ परत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ३१ पैकी १. कार्डावरून आलेली एकही परत आली नाही, आणि यायचं कारणही नाही. ज्याने मसाला एकदा खाल्ला आहे तोच ते कार्ड हातात धरतो.

[दृश्य: ताई कॅमेऱ्याकडे बघून हसतात. परत वहीकडे.]

म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप जिंकलं? आम्हालाही तसंच वाटलं होतं आणि तसा शेवट आम्ही लिहूनही ठेवला होता. मग ताईंनी वहीतले फोन नंबर ताडून पाहिले. व्हॉट्सअ‍ॅपच्या ३१ ऑर्डरींपैकी २६ नंबर आधीच वहीत होते. ही मंडळी नवी नाहीत. स्टेटस बघून त्यांना डबा रिकामा झाल्याची आठवण होते. इन्स्टाग्रामच्या टिकलेल्या ११ पैकी १० मात्र पूर्ण नवी घरं, फेसबुकच्या टिकलेल्या १० पैकी ७. ताईंच्या शब्दांत, "एक जागा नवो माणूस आणता, दुसरी तेका परत आणता." दोन्हींना एकाच तागडीत घालायचं नाही.

चिठ्ठीला न दिसणारंही बरंच आहे. इन्स्टाग्राम लिंक उघडतं ते आपल्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये. रात्री तिथे मसाला पाहिला आणि सकाळी क्रोममध्ये दुकानाचं नाव शोधून मागवला, तर रात्रीची चिठ्ठी क्रोमला माहीत नसते. ती ऑर्डर इन्स्टाग्रामच्या नावावर पडत नाही. कोणी बायोतली लिंक उचलून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तर पूर्ण सोसायटी इन्स्टाग्रामची ठरते. शिवाय १९ आणि १२ हे आकडे इतके लहान की एखाद्या लग्नघराच्या ऑर्डरीने उलटेपालटे व्हावेत. म्हणून पार्सल बांधण्याआधीच्या फोनवर ताई आता एक प्रश्न विचारतात, "आमचा मसाला पहिल्यांदा खंय बघितलात?" उत्तर वहीच्या शेवटच्या रकान्यात जातं.

[दृश्य: फोन कानाला, खांद्याने धरलेला. हात पुडीला चिकटपट्टी लावत आहेत.]

हाच फोन दुसरंही काम करतो. पैसे घरी देणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाने तो उचलला नाही, तर पार्सल निघत नाही. सहा हजारांचं बूस्ट झालं नाही. स्टोरी मात्र आठवड्यातून तीनदा जाते.

[दृश्य: संध्याकाळ. कांडप बंद. अंगणातली मिरची गोळा होत आहे.]

आम्ही निघालो तेव्हा भाचा गणपतीची तयारी लिहीत होता. मुंबईहून चाकरमानी येणार आणि परत जाताना प्रत्येकाच्या पिशवीत मसाला जाणार. त्या पुड्यांत घालायला वेगळं कार्ड हवं, त्याला वेगळी चिठ्ठी हवी, असं ताईंचं म्हणणं. मुंबईला पोचलेल्या पुडीमागून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किती ऑर्डरी येतात, ते त्यांना बघायचं आहे.

[दृश्य: कपाटावरचा कागद जवळून. निळी शाई.]

कागदावर शेवटच्या ओळीत नवं नाव चढलं आहे, `chakarmani`. पहिलं अक्षर आधी मोठं पडलं होतं. ते खोडून लहान केलेलं दिसतं.